एकाच कारखान्यातल्या दोन वस्तूंचा खरा खर्च: ओव्हरहेड वाटण्याच्या दोन पद्धती शेजारी ठेवून कशा तपासायच्या

कॉस्टिंग शिकायला लागलं की कच्चा माल आणि थेट मजुरी चटकन कळते. कोणत्या वस्तूला किती माल लागला आणि कामगाराने तिच्यावर किती वेळ घालवला, हे मोजता येतं. अडचण येते ओव्हरहेडची. सुपरवायझरचा पगार, मशीनचा घसारा, खरेदी विभागाचा खर्च किंवा तपासणी यांतलं काहीच एका वस्तूच्या नावावर थेट लिहिता येत नाही, म्हणून ते वाटावं लागतं. वाटण्याची रीत चुकली की कारखान्याचा एकूण नफा बरोबर दिसतो, पण कोणत्या वस्तूने तो मिळवला याचं उत्तर चुकतं.

ही चूक डोळ्यांना दिसावी म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत सोडवू. कागद-पेन्सिल घेऊन बसा आणि प्रत्येक आकडा स्वतः काढून पाहा.

उदाहरणातला कारखाना

हा कारखाना दोन प्रकारचे व्हॉल्व्ह बनवतो. साधा व्हॉल्व्ह वर्षाला १८,००० नग जातो. खास व्हॉल्व्ह ग्राहकाच्या मागणीप्रमाणे थोडे बदल करून बनतो आणि वर्षाला २,००० नग जातो. दोन्हींना प्रत्येकी एक तास थेट मजुरी लागते आणि मजुरीचा दर तासाला १०० रुपये आहे. कच्चा माल साध्याला २०० रुपयांचा, खासला २४० रुपयांचा. विक्रीची किंमत साध्याची ४४० आणि खासची ६२०. वर्षाचा ओव्हरहेड २४,००,००० रुपये.

दोघांचा मजुरीचा वेळ मुद्दाम सारखा ठेवला आहे. पुढे जो फरक दिसेल तो मजुरीमुळे आलेला नाही, याची त्यामुळे खात्री राहते.

पायरी १: आधी जुन्या पद्धतीने काढा

पारंपरिक पद्धतीत सगळा ओव्हरहेड एकाच रकमेत गोळा करतात आणि उत्पादनाच्या प्रमाणात वाढणाऱ्या एखाद्या मापावर वाटतात. बहुतेक वेळा हे माप म्हणजे थेट मजुरीचे तास.

एकूण तास १८,००० + २,००० = २०,०००. दर २४,००,००० ÷ २०,००० = तासाला १२० रुपये. म्हणजे प्रत्येक नगाच्या वाट्याला १२० रुपये ओव्हरहेड येतो, मग तो साधा असो की खास.

साधा व्हॉल्व्ह: २०० + १०० + १२० = ४२० रुपये. नफा नगामागे २०.
खास व्हॉल्व्ह: २४० + १०० + १२० = ४६० रुपये. नफा नगामागे १६०.

हा तक्ता पाहून कोणीही म्हणेल की साध्यात काही उरत नाही, खासची विक्री वाढवा. विक्री विभाग तेच करायला लागतो.

पायरी २: ओव्हरहेड खात्यांतून काढून कामांमध्ये मांडा

एबीसी, म्हणजे अ‍ॅक्टिव्हिटी बेस्ड कॉस्टिंग, इथून वेगळी वाट धरते. तिचं म्हणणं असं की वस्तू थेट पैसा खात नाही. वस्तूमुळे कामं करावी लागतात आणि त्या कामांवर पैसा खर्च होतो. म्हणून आधी कामांचा खर्च काढायचा आणि मग कोणत्या वस्तूने ते काम किती वेळा करायला लावलं हे पाहायचं.

नवख्याचा सगळ्यात जास्त वेळ याच पायरीला जातो. हिशेबाच्या वहीत ‘पगार’, ‘वीज’, ‘घसारा’, ‘टूल्स’ अशी खाती असतात. ‘मशीन सेटिंग’, म्हणजे नव्या लॉटसाठी मशीन तयार करण्याचं काम, या नावाचं खातं कुठेच नसतं. ते तुम्हाला तयार करावं लागतं, आणि त्यासाठी शॉप फ्लोअरवर जाऊन माणसांशी बोलावं लागतं.

सेटिंगच्या खर्चाची रक्कम कशी उभी राहिली ते पाहा. फक्त सेटिंगचं काम करणाऱ्या सेटरांचा पगार ३,६०,०००. सुपरवायझरला वर्षाला ४,००,००० मिळतात. त्याला विचारल्यावर तो म्हणाला की माझा चौथा हिस्सा वेळ नवा लॉट लावण्यात जातो. म्हणून त्याच्या पगारातले १,००,००० इकडे आले. सेटिंगनंतरचे पहिले काही नग चाचणीचे असतात आणि बाद होतात, त्यांचा माल ८०,०००. सेटिंगमध्ये झिजणारी टूल्स ६०,०००. बेरीज ६,००,०००.

सुपरवायझरचा ‘चौथा हिस्सा’ हा अंदाज आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. दोन-तीन आठवडे साधी नोंद ठेवून तो पडताळा. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. वेळ विचारला की माणूस सगळ्या कामांची बेरीज १०० टक्के करून देतो. रिकामा बसतो असं कोणी सांगत नाही. याचा परिणाम पुढे एका पायरीवर दिसेल.

अशाच रीतीने बाकीचा ओव्हरहेड मांडला तर चार गट तयार होतात. मशीन चालवणं १०,००,०००, मशीन सेटिंग ६,००,०००, मालाची खरेदी आणि आवक ५,००,०००, आणि ड्रॉइंग-डिझाइनमधले बदल ३,००,०००. चारांची बेरीज पुन्हा २४,००,००० यायलाच हवी. ती येत नसेल तर पुढे जाऊ नका.

गट किती करावेत? माझ्या मते सुरुवातीला चार ते सहा पुरे. पहिल्याच फेरीत तीस-चाळीस गट मांडणाऱ्याचा तक्ता सुंदर दिसतो, पण पुढच्या वर्षी त्यात आकडे भरायला कोणी तयार नसतं.

पायरी ३: प्रत्येक कामाचं माप शोधा

या मापाला कॉस्ट ड्रायव्हर म्हणतात. शोधताना प्रश्न एकच: हे काम कशामुळे वाढतं? नग वाढले की मशीन जास्त चालतं, म्हणून तिथे मशीन-तास. सेटिंग नगामुळे वाढत नाही. ५० नगांचा लॉट असो की ९०० नगांचा, सेटिंग एकदाच. म्हणून तिथे सेटिंगची संख्या. खरेदीच्या कामाला खरेदी ऑर्डरींची संख्या, आणि डिझाइन बदलांना इंजिनिअरचे तास.

आता नोंदी उघडा. साधा व्हॉल्व्ह ९०० च्या लॉटमध्ये बनतो, म्हणून वर्षात २० सेटिंग. खास ५० च्या लॉटमध्ये, म्हणून ४० सेटिंग. नग नऊपट कमी असूनही सेटिंग दुप्पट. बाकीची मापं या तक्त्यात आहेत.

| काम | खर्च | साधा | खास | दर |
|---|---|---|---|---|
| मशीन चालवणं | १०,००,००० | ९,००० तास | १,००० तास | तासाला १०० |
| सेटिंग | ६,००,००० | २० | ४० | सेटिंगला १०,००० |
| खरेदी | ५,००,००० | ४० ऑर्डर | ६० ऑर्डर | ऑर्डरला ५,००० |
| डिझाइन बदल | ३,००,००० | १०० तास | ५०० तास | तासाला ५०० |

दर काढण्यात नवं काही नाही. गटाचा खर्च भागिले त्याच्या मापाची दोन्ही वस्तूंची बेरीज.

पायरी ४: दर लावा आणि नगावर आणा

साधा व्हॉल्व्ह: मशीन ९,००,०००, सेटिंग २,००,०००, खरेदी २,००,०००, डिझाइन ५०,०००. एकूण १३,५०,०००. भागिले १८,००० नग म्हणजे नगामागे ७५ रुपये.

खास व्हॉल्व्ह: मशीन १,००,०००, सेटिंग ४,००,०००, खरेदी ३,००,०००, डिझाइन २,५०,०००. एकूण १०,५०,०००. भागिले २,००० नग म्हणजे नगामागे ५२५ रुपये.

माल आणि मजुरी मिळवली की साध्याचा खर्च ३७५ आणि खासचा ८६५ होतो. विक्रीच्या किमतीतून वजा करा. साध्यावर नगामागे ६५ रुपये नफा आहे, आणि ज्याच्यावर १६० नफा दिसत होता त्या खासवर २४५ रुपये तोटा आहे.

पायरी ५: दोन्ही उत्तरं जुळवून पाहा

इतकं उलटं उत्तर आलं की पहिली शंका स्वतःच्या बेरजेवर घ्यावी. दोन तपासण्या पुरतात.

पहिली, एकूण नफा. जुन्या पद्धतीने १८,००० × २० अधिक २,००० × १६० म्हणजे ६,८०,०००. एबीसीने १८,००० × ६५ वजा २,००० × २४५ म्हणजे तेही ६,८०,०००. दोन्ही पद्धती तोच पैसा वाटत आहेत, म्हणून एकूण नफा हलता कामा नये.

दुसरी तपासणी विकृतीची, म्हणजे नगामागचा खर्च किती चुकला होता याची. साध्यावर नगामागे ४५ रुपये जास्त लादले होते, १८,००० नगांवर ते ८,१०,००० होतात. खासवर नगामागे ४०५ रुपये कमी लावले होते, २,००० नगांवर तेही ८,१०,०००. म्हणजे खासचे ८,१०,००० रुपये साधा व्हॉल्व्ह भरत होता.

४५ आणि ४०५ हे आकडे शेजारी ठेवून जरा थांबा. तीच रक्कम एका बाजूला १८,००० नगांवर पसरते आणि दुसऱ्या बाजूला २,००० नगांवर पडते, म्हणून नगामागची चूक तिथे बरोबर नऊपट होते. जास्त खपाच्या वस्तूवरचा जादा भार त्यामुळे सहज नजरेतून सुटतो. ४२० काय आणि ३७५ काय, असं वाटतं. पण स्पर्धक ४०० ला विकायला लागला की तुम्ही म्हणता, याला परवडतं तरी कसं? प्रत्यक्षात तुम्हालाही परवडत असतं.

१९८० च्या दशकात हार्वर्डचे प्राध्यापक रॉबिन कूपर आणि रॉबर्ट कॅप्लन यांनी एबीसीचा विषय पुढे आणला तेव्हा अभ्यासलेल्या कारखान्यांमध्ये जॉन डीअर या ट्रॅक्टर कंपनीचा सुटे भाग बनवणारा विभागही होता. जास्त संख्येच्या भागांची कामं बोलीत हातची जात होती आणि थोड्या संख्येची मिळत होती. आपल्या उदाहरणातला कारखानाही याच वाटेवर आहे.

‘मशीन-तास घेतले तर?’

हा प्रश्न प्रत्येक नवखा विचारतो आणि तो विचारायलाच हवा. मजुरीचे तास जुनाट वाटतात म्हणून अनेक ठिकाणी ते बदलून मशीन-तास घेतात आणि सुधारणा झाली असं मानतात. आपल्या उदाहरणात करून पाहू. एकूण मशीन-तास १०,०००, त्यांतले खासचे १,०००, म्हणजे १० टक्के. मजुरीच्या तासांतही खासचा वाटा १० टक्केच होता. ओव्हरहेडमधून त्याच्या वाट्याला पुन्हा २,४०,०००, नगामागे पुन्हा १२०. उत्तर एका पैशानेही बदललं नाही.

कारण दोन्ही मापं नगांबरोबर वाढणारी आहेत. खास व्हॉल्व्ह नगांत १० टक्के आहे, पण सेटिंगमध्ये सुमारे ६७ टक्के, ऑर्डरींमध्ये ६० टक्के आणि डिझाइनच्या तासांत सुमारे ८३ टक्के आहे. विकृतीचं मूळ या टक्केवारीतल्या अंतरात आहे.

तुमच्या कारखान्यात एबीसी करणं कितपत गरजेचं आहे, हेही यावरून पूर्ण हिशेबाआधी कळतं. दोन गोष्टी पाहा. नगांबरोबर न वाढणाऱ्या कामांचा ओव्हरहेडमधला वाटा मोठा आहे का? इथे २४ लाखांपैकी १४ लाख आहे. आणि त्या कामांतला वस्तूचा वाटा तिच्या नगांच्या वाट्यापेक्षा बराच वेगळा आहे का? दोन्ही उत्तरं ‘हो’ असतील तरच मेहनत करा. सगळ्या वस्तू सारख्याच आकाराच्या लॉटमध्ये बनत असतील, खरेदी आणि डिझाइनचं कामही सारखंच असेल, तर जुनी पद्धतही जवळपास तेच उत्तर देते आणि ती फार स्वस्त पडते.

मोजणी आणि वेळ यांत गल्लत

आपण सेटिंगची संख्या मोजली, म्हणजे प्रत्येक सेटिंग सारखंच मानलं. सेटरला विचारलं तर तो सांगेल की साध्याचं सेटिंग दोन तासांत होतं, खासला चार तास लागतात. मग माप बदलायला हवं. साधा २० × २ = ४० तास, खास ४० × ४ = १६० तास, एकूण २००. दर तासाला ३,०००. खासवर सेटिंगचा खर्च ४,००,००० ऐवजी ४,८०,००० येतो, नगामागे आणखी ४० रुपये.

वेळ मोजणं सहसा जास्त अचूक, पण नोंद ठेवायला कठीण. माझा नियम साधा आहे. एका खेपेला लागणारा वेळ वस्तूगणिक दुपटीने बदलत असेल तर वेळ मोजा, नाहीतर खेपा मोजा. पुढचे हिशेब सोपे राहावेत म्हणून आपण १०,००० चा दरच चालू ठेवू.

रिकाम्या क्षमतेचा खर्च वस्तूवर टाकू नका

सुपरवायझरच्या १०० टक्क्यांचा मुद्दा इथे येतो. समजा सेटिंगची टीम वर्षात ७५ सेटिंग आरामात करू शकते, पण काम ६० चंच आलं. ६,००,००० ला ६० ने भागलं की दर १०,००० येतो आणि पंधरा सेटिंगच्या रिकाम्या वेळाचा खर्चही व्हॉल्व्हच्या अंगावर पडतो. पुढच्या वर्षी काम घटून ५० सेटिंग झाली तर दर १२,००० होईल. व्हॉल्व्हमध्ये काहीही न बदलता त्याचा खर्च वाढलेला दिसेल, कोणीतरी किंमत वाढवेल आणि काम आणखी घटेल.

म्हणून भागाकार क्षमतेने करा. ६,००,००० ÷ ७५ = ८,०००. मग खासवर ३,२०,०००, साध्यावर १,६०,००० आणि उरलेले १,२०,००० ‘न वापरलेली सेटिंग क्षमता’ अशा वेगळ्या ओळीत. ही ओळ व्यवस्थापनासमोर ठेवण्यासाठी आहे. वाढीव काम आणायचं की टीम लहान करायची, हा निर्णय तिच्यावरून होतो.

८६५ म्हणजे खास व्हॉल्व्ह बंद करा असं नव्हे

तक्ता पहिल्यांदा समोर आला की घाईने हाच निष्कर्ष काढला जातो आणि त्यात मोठं नुकसान होऊ शकतं. खास बंद केला तर विक्रीचे १२,४०,००० जातील. माल ४,८०,००० आणि मजुरी २,००,००० वाचेल, तीही कामगारांना दुसरीकडे लावता आलं तरच. म्हणजे ओव्हरहेडकडे जाणारे ५,६०,००० रुपये हातचे जातील. बदल्यात १०,५०,००० ओव्हरहेड वाचेल का? सेटर, खरेदी विभागातला माणूस आणि इंजिनिअर उद्याही पगार घेणारच आहेत. मशीनचा घसाराही थांबणार नाही. खरोखर ३,००,००० च वाचले तर नफा ६,८०,००० वरून ४,२०,००० वर येईल.

एबीसी सांगते की खास व्हॉल्व्ह कारखान्याची किती साधनं वापरतो. वापर कमी झाला की खर्च आपोआप कमी होत नाही. मोकळी झालेली माणसं आणि मशीन दुसऱ्या कामाला लावली किंवा कमी केली, तेव्हाच तो कमी होतो. बंद करण्याच्या निर्णयासाठी टळणाऱ्या खर्चाचा वेगळा हिशेब मांडा आणि ५,६०,००० शी त्याची तुलना करा.

मग या आकड्याचं करायचं काय

माझ्या मते सगळ्यात मोठा उपयोग कोटेशनमध्ये आहे. ८६५ ही सरासरी आहे आणि ती ५० च्या लॉटची आहे. ती एकच रक्कम म्हणून न वापरता तिचे तुकडे करा.

नगाबरोबर वाढणारा भाग: माल २४०, मजुरी १००, मशीन ५०, एकूण ३९०. लॉटबरोबर वाढणारा भाग: एक सेटिंग १०,००० आणि सरासरी दीड खरेदी ऑर्डर, कारण ४० लॉटना ६० ऑर्डरी लागल्या, म्हणजे ७,५००. लॉटमागे एकूण १७,५००. डिझाइनचा भाग: ग्राहकाने मागितलेल्या बदलांचे तास, तासाला ५००.

५० नगांच्या मागणीचा हिशेब: ५० × ३९० अधिक १७,५०० म्हणजे ३७,०००, नगाला ७४०. डिझाइनचे सरासरी १२५ मिळवले की तेच ८६५. आता त्याच ग्राहकाने एकदम २०० नग घेतले आणि खरेदीच्या ऑर्डरी तेवढ्याच राहिल्या, तर २०० × ३९० अधिक १७,५०० म्हणजे ९५,५००. नगाला ४७७ रुपये ५० पैसे, डिझाइनचा खर्च वेगळा. ६२० च्या किमतीत हा लॉट डिझाइनच्या पन्नासेक तासांसकट बसतो.

जुन्या तक्त्यात ५० नगांच्या आणि २०० नगांच्या मागणीसाठी खर्च एकच होता, ४६०. म्हणून कोटेशन तीन ओळींत लिहा: नगाचा दर, लॉटमागचा सेटिंग आणि खरेदीचा खर्च, आणि बदल हवे असतील तर डिझाइनचे तास. लहान लॉट हवा असलेला ग्राहक मग एकतर त्याचे पैसे देतो किंवा दोन महिन्यांची मागणी एकत्र करून पाठवतो.